शंभर दक्षिणेला, एकशे बारा पूर्वेला

घरोघरी अँटेना फिरवण्याचे दिवस आठवतात? एक जण गच्चीवर, एक जण खिडकीत आणि बाकीचं घर टीव्हीसमोर. वरून हाक यायची, "आलं का?" खालून उत्तर जायचं, "मुंग्याच आहेत अजून! थोडं डावीकडे... थांब थांब, गेलं!" त्या मुंग्यांचा तेव्हा सगळ्यांना वैताग यायचा, पण त्यांचा एक उपकार होता. त्या कमी झाल्या की अँटेना योग्य दिशेला चालली आहे आणि वाढल्या की चुकते आहे, हे डोळ्यांना दिसायचं. चाचपडत का होईना, माणूस मुक्कामाला पोचायचा.

डिश आली आणि मुंग्या गेल्या. डिजिटल प्रसारणात चित्र एक तर लख्ख दिसतं, नाही तर दिसतच नाही. "जवळ आलास" असं सांगणारं मध्ये काही नसतं. त्यात घरगुती डिशची नजर फार अरुंद असते. साठ सेंटिमीटर व्यासाची डिश आकाशाचा जेमतेम तीन अंश रुंदीचा तुकडा पाहते, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दोन बोटांएवढा. त्या दोन बोटांमागे उपग्रह यायला हवा आणि समोर तर अख्खं आकाश पसरलेलं. इथे चाचपडून भागत नाही. आधी हिशेब करावा लागतो आणि मग पाना हातात घ्यावा लागतो.

हा हिशेब वाटतो तितका अवघड नाही. दहावी-अकरावीतलं त्रिकोणमितीचं बटण असलेला कॅल्क्युलेटर आणि तीन आकडे पुरतात. आपण तो एका ठरावीक गच्चीसाठी करून पाहू. गच्ची पुण्यातली आणि पकडायची सेवा डीडी फ्री डिश.

उपग्रहाचा पत्ता एकाच आकड्यात

डीडी फ्री डिशच्या वाहिन्या जीसॅट-१५ या उपग्रहावरून येतात. ११ नोव्हेंबर २०१५ रोजी फ्रेंच गयानातल्या कुरू इथून एरियान-५ रॉकेटने तो सोडला गेला. त्याचा पत्ता एवढाच : ९३.५ अंश पूर्व. घराच्या पत्त्यासारखं यात अक्षांश का नाही आणि उंची का नाही, असा प्रश्न पडेल. त्याचं उत्तर असं, की या जातीच्या सगळ्या उपग्रहांची ती दोन्ही मापं सारखीच असतात.

डिशला एका जागी खिळवून ठेवायचं असेल, तर उपग्रहही आकाशात एका जागी थांबलेला दिसला पाहिजे. त्यासाठी त्याने पृथ्वीच्याच वेगाने, पृथ्वीच्याच दिशेने आणि बरोबर विषुववृत्ताच्या वरून फिरलं पाहिजे. तेवढ्या वेगाने फिरणारी वर्तुळाकार कक्षा एकच आहे. पृथ्वीच्या केंद्रापासून ती ४२,१६४ किलोमीटरवर आहे, म्हणजे जमिनीपासून सुमारे ३५,७८६ किलोमीटरवर. तेव्हा अक्षांश शून्य हे ठरलेलं आणि अंतरही ठरलेलं. वेगळा उरतो तो फक्त रेखांश. हे भूस्थिर उपग्रह म्हणजे एकाच रस्त्यावरची घरं. घर क्रमांक सांगितला की काम झालं.

जीसॅट-१५ च्या बरोबर खाली पृथ्वीवर एक बिंदू धरा. विषुववृत्तावरचा, ९३.५ अंश पूर्वेचा हा बिंदू सुमात्राच्या पश्चिमेला हिंदी महासागरात पडतो. याला आपण उपग्रहाचा पायबिंदू म्हणू. पुढचा सगळा हिशेब या पायबिंदूच्या आधाराने होतो.

गच्चीचे आकडे दोन. पुण्याचा अक्षांश १८.५२ अंश उत्तर आणि रेखांश ७३.८६ अंश पूर्व. फोनवरच्या नकाशात ते लगेच मिळतात, मात्र ते दशांशात घ्यायचे. १८ अंश ३१ मिनिटं म्हणजे १८.३१ नव्हे. मिनिटांना ६० ने भागायचं, म्हणजे १८.५२ येतात. बऱ्याच हिशेबांची गाडी याच पहिल्या पायरीवर घसरते.

उपग्रहाच्या रेखांशातून गच्चीचा रेखांश वजा करू : ९३.५ वजा ७३.८६ म्हणजे १९.६४ अंश. यापुढे आपल्याला १८.५२ आणि १९.६४ एवढेच दोन आकडे लागतील.

कोणत्या दिशेला?

डिशला दोन कोन द्यावे लागतात. क्षितिजावर कोणत्या दिशेला तोंड करायचं, तो दिगंश. तो उत्तरेपासून मोजतात : उत्तर शून्य, पूर्व ९०, दक्षिण १८०, पश्चिम २७०. दुसरा कोन म्हणजे क्षितिजापासून किती वर पाहायचं, तो उन्नतांश. डिश बसवणारी मंडळी त्यांना अझिमथ आणि एलिव्हेशन म्हणतात.

आधी दिगंश. पुण्याहून पायबिंदूकडे सरळ निघायचं तर पहिलं पाऊल कोणत्या दिशेला टाकायचं, एवढाच हा प्रश्न आहे. उपग्रह पायबिंदूच्या डोक्यावर आहे, त्यामुळे पायबिंदूची दिशा तीच उपग्रहाची दिशा.

पृथ्वी सपाट असती तर हे काम शाळकरी मुलानेही केलं असतं. पुण्यातून १८.५२ अंश दक्षिणेला गेलं की विषुववृत्त लागतं आणि तिथून काटकोनात वळून १९.६४ अंश पूर्वेला गेलं की पायबिंदू. काटकोन त्रिकोणाच्या दोन बाजू हातात आहेत. त्यांचं गुणोत्तर १९.६४ भागिले १८.५२ म्हणजे १.०६, आणि ज्याचा टॅन्जंट १.०६ आहे तो कोन ४६.७ अंश. दक्षिणेपासून पूर्वेकडे ४६.७ अंश वळा, झालं.

पण त्रिकोण गोलावर काढलेला आहे आणि गोलावरच्या काटकोन त्रिकोणाचा नियम थोडा वेगळा आहे. समोरच्या बाजूच्या जागी तिचा टॅन्जंट येतो आणि लगतच्या बाजूच्या जागी तिचा साइन. १९.६४ अंशांचा टॅन्जंट ०.३५६९ आणि १८.५२ अंशांचा साइन ०.३१७६. भागाकार १.१२३५. ज्याचा टॅन्जंट १.१२३५ आहे तो कोन ४८.३ अंश. सपाट हिशेबापेक्षा दीड अंशाहून थोडा जास्त. फरक लहान दिसतो, पण तीन अंश रुंदीच्या नजरेला तो लहान नाही.

उपग्रह पुण्याच्या पूर्वेला आहे, म्हणून दक्षिणेच्या १८० मधून ४८.३ वजा करायचे. दिगंश आला १३१.७ अंश, म्हणजे आग्नेयेच्या किंचित अलीकडे, पूर्वेच्या अंगाला नव्हे तर दक्षिणेच्या अंगाला दीड-दोन अंश… असं वाटेल, पण आग्नेय १३५ वर असते. १३१.७ हे आग्नेयेपासून तीनेक अंश पूर्वेच्या बाजूला झाले. तोंडी सांगताना असा घोळ होतो, म्हणूनच दिशेचं नाव न घेता आकडा सांगायचा.

उपग्रह पश्चिमेला असता तर वजाबाकीच्या जागी बेरीज झाली असती. भारतात परिचित असलेली ६८.५ अंश पूर्वेची जागा घ्या. ती पुण्याच्या ५.३६ अंश पश्चिमेला आहे. तोच हिशेब केला की कोन येतो १६.५ अंश आणि दिगंश १९६.५. इथे रेखांशात जेमतेम साडेपाच अंशांचाही फरक नाही, पण डिशला दक्षिणेपासून त्याच्या तिप्पट वळावं लागलं. कारण भागाकारात खाली अक्षांशाचा साइन आहे. विषुववृत्ताच्या जितकं जवळ जावं तितका तो लहान होतो आणि डिशची मान तितकी जास्त फिरते.

किती वर?

उन्नतांशासाठी आधी पुण्यापासून पायबिंदू किती दूर आहे ते काढू. हे अंतर किलोमीटरमध्ये नको, पृथ्वीच्या केंद्रातून दिसणाऱ्या कोनात हवं. सपाट कागदावर इथे पायथागोरसचा नियम वापरला असता. गोलावर त्याची जागा आणखी सोपा नियम घेतो : दोन्ही बाजूंच्या कोसाइनचा गुणाकार करायचा. १८.५२ चा कोसाइन ०.९४८२, १९.६४ चा ०.९४१८. गुणाकार ०.८९३०. हा ज्या कोनाचा कोसाइन आहे, तो २६.७४ अंश. जमिनीवर हे अंतर साधारण २,९७० किलोमीटर भरतं.

आता पृथ्वीचं केंद्र, पुण्याची गच्ची आणि उपग्रह असा उभा त्रिकोण मनात आणा. केंद्रापासून गच्चीपर्यंतची रेषा तशीच वर वाढवली की ती आपल्या डोक्यावरून सरळ जाते. उपग्रह या रेषेला धरून किती उंच आहे? ४२,१६४ ला ०.८९३० ने गुणलं की सुमारे ३७,६५५ किलोमीटर. पण ही उंची केंद्रापासूनची झाली आणि आपण तर केंद्रापासून आधीच ६,३७८ किलोमीटर वर उभे आहोत. तेवढे वजा करून उरतात ३१,२७७. आणि उपग्रह या रेषेपासून बाजूला किती आहे? ४२,१६४ ला २६.७४ अंशांच्या साइनने, म्हणजे ०.४५ ने गुणायचं. सुमारे १८,९७२ किलोमीटर.

तर पुण्याच्या गच्चीवरून जीसॅट-१५ हा १८,९७२ किलोमीटर पुढे आणि ३१,२७७ किलोमीटर वर आहे. वरचं भागिले पुढचं, १.६४८. ज्याचा टॅन्जंट १.६४८ तो कोन ५८.८ अंश. हा आपला उन्नतांश.

त्या ६,३७८ च्या वजाबाकीवर क्षणभर थांबलं पाहिजे, कारण ती विसरणं ही या हिशेबातली ठरलेली चूक आहे. उपग्रह ताऱ्यांसारखा अतिदूर असता तर उन्नतांश नुसता ९० वजा २६.७४, म्हणजे ६३.३ अंश आला असता. पण तो आपल्या त्रिज्येच्या जेमतेम साडेसहा पट दूर आहे. इतक्या जवळच्या वस्तूसाठी आपण केंद्रात उभे आहोत की पृष्ठभागावर, याने फरक पडतो. पुण्यात तो फरक साडेचार अंशांचा आहे. वजाबाकी विसरली तर डिश उपग्रहाच्या वरून पाहत राहील आणि कितीही डावी-उजवी फिरवली तरी काही हाती लागणार नाही.

किलोमीटरमध्ये न शिरता हेच करायचं, तर ६,३७८ भागिले ४२,१६४ म्हणजे ०.१५१३ हा आकडा वापरतात. सगळा हिशेब मग चार ओळींत मावतो. यात `B` म्हणजे उपग्रहाच्या रेखांशातून आपला रेखांश वजा करून आलेला आकडा आणि `lat` म्हणजे आपला अक्षांश :

```
Az = 180 - atan( tan(B) / sin(lat) )
c  = cos(lat) * cos(B)
s  = sqrt(1 - c*c)
El = atan( (c - 0.1513) / s )
```

उपग्रह पश्चिमेला असला की `B` ऋण येतो आणि वजाबाकीची बेरीज आपोआप होते. हे सूत्र विषुववृत्ताच्या उत्तरेकडच्या गावांसाठी आहे. कॅल्क्युलेटर अंशांत चालतो आहे ना, एवढं आधी तपासायचं : ४५ चा टॅन्जंट मागितला की उत्तर बरोबर १ यायला हवं. तो रेडियनमध्ये असेल तर १९.६४ चा टॅन्जंट १.०१ असा दिसेल. आकडा दिसायला निरुपद्रवी आहे, पण उत्तर पार भलतीकडे नेईल.

पृथ्वी आपण पूर्ण गोल धरली आहे. ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे, पण पुण्याच्या अक्षांशावर त्याने सुमारे एक दशांश अंशाचाच फरक पडतो. उपग्रहही आपल्या जागी तेवढा थोडाफार हलत असतो. घरगुती डिशला याची दखल घ्यायची गरज नाही. ती गरज दहा-दहा मीटरच्या भूकेंद्रांना असते.

गाव बदललं की मात्र आकडे चांगलेच बदलतात. याच उपग्रहासाठी नागपुरात दिगंश १४४.५ आणि उन्नतांश ६०.३ येतो, पणजीत १२६.८ आणि ६०.९. पुण्याहून नागपूरला बदली झालेल्या कुटुंबाने डिश जशीच्या तशी लावली तर ती दिगंशात तेरा अंश चुकलेली असेल.

गच्चीवर दक्षिण शोधताना

कागदावरचे १३१.७ अंश गच्चीवर उतरवायचे, तर आधी उत्तर-दक्षिण कळली पाहिजे. फोनमध्ये होकायंत्र असतंच. होकायंत्राची उत्तर आणि खरी उत्तर यांत महाराष्ट्रात एका अंशाहूनही कमी फरक आहे, ही आपल्यासाठी चांगली गोष्ट. अडचण वेगळीच आहे. गच्चीच्या स्लॅबमध्ये लोखंडी सळया आहेत, कठड्यात सळया आहेत आणि डिशचा खांबही लोखंडाचा. फोन खांबाजवळ नेला की सुई दहा-पंधरा अंशांनीही भरकटू शकते. ओळखायची खूण सोपी : फोन एकाच दिशेला धरून गच्चीवर चार पावलं चाला. आकडा बदलत गेला तर त्या होकायंत्रावर विश्वास ठेवू नका.

त्यापेक्षा सूर्याला विचारावं. एक सरळ काठी ओळंबा लावून उभी करा आणि तिच्याभोवती खडूने एक वर्तुळ काढा. सकाळी सावली लांब असते. ती आखडत येते आणि तिचं टोक वर्तुळाला टेकतं, तिथे खूण करा. दुपारनंतर सावली पुन्हा वाढते आणि टोक दुसऱ्या बाजूला वर्तुळाला टेकतं, तिथे दुसरी खूण. दोन खुणा जोडणारी रेषा ही पूर्व-पश्चिम. यज्ञवेदी आखण्यासाठी कात्यायनाच्या शुल्बसूत्रात हीच रीत सांगितली आहे. या रीतीत सळया आड येत नाहीत आणि घड्याळही लागत नाही.

पूर्व-पश्चिम रेषा मिळाली की कोनमापकाचीही गरज उरत नाही. दिगंश काढताना मधे एक आकडा आला होता, १.१२३५. तो कोन नव्हता, तर पूर्वेकडच्या आणि दक्षिणेकडच्या अंतरांचं गुणोत्तर होतं. तेव्हा खांबाच्या बुंध्यापासून बरोबर दक्षिणेला १०० सेंटिमीटर मोजा, तिथून बरोबर पूर्वेला ११२ सेंटिमीटर मोजा आणि खूण करा. बुंध्यापासून या खुणेपर्यंत ताणलेली दोरी म्हणजे उपग्रहाची दिशा. गवंड्याच्या टेपने आखलेली ही रेषा साध्या कोनमापकापेक्षा बिनचूक असते.

उन्नतांशातला १.६४८ हा आकडाही असाच कामाला येतो. दोरीच्या रेषेत पाण्याची टाकी आहे का? ती डिशपासून दोन मीटरवर असेल, तर डिशपेक्षा दोन गुणिले १.६४८, म्हणजे सुमारे ३.३ मीटरपर्यंत उंच असलेली चालेल. त्याहून उंच असेल तर उपग्रह टाकीमागे लपला. समोरची इमारत दहा मीटरवर असेल तर तिला साडेसोळा मीटर उंचीची मुभा आहे. खांब रोवण्याआधी हे पाहून घेतलं तर पुन्हा उखडायची वेळ येत नाही.

डिश खाली पाहते, तरी वरचं पकडते

आता खांब. तो ओळंब्यात हवा, दोन्ही बाजूंनी. खांब तीन अंश कलला असेल तर डिशच्या मागच्या पट्टीवरचे अंश खोटे ठरतात, आणि डिश वळवावी तशी ही चूक कमी-जास्त होत राहते. त्यामुळे ती सापडतही नाही.

पट्टीवर ५९ च्या जवळ बोल्ट आवळला की बहुतेकांना शंका येते. डिश तर इतकी वर पाहत नाही, समोरच्या इमारतीच्या वरच्या मजल्याकडे पाहते आहे! काही जण मग तिला हाताने आणखी वर करतात आणि जमलेलं काम बिघडवतात. घरगुती डिश ही मोठ्या परवलयाच्या भांड्याचा बाजूने कापलेला तुकडा असते. म्हणून तिचा एलएनबी डिशच्या मधोमध समोर न येता खालच्या बाजूला पुढे आलेला असतो आणि तो येणाऱ्या लहरींच्या आड येत नाही. अशा तुकड्याचं तोंड आणि त्याची नजर यांत वीस-पंचवीस अंशांचा फरक असतो. नजर ५८.८ अंशांवर असताना तोंड ३५ अंशांच्या आसपास दिसेल. डिशच्या पृष्ठभागाला कोनमापक टेकवून ५८.८ आणणं ही म्हणूनच चूक आहे. कारखान्याने हा फरक धरून मागची पट्टी आखलेली असते. खांब उभा असेल तर तीच प्रमाण मानायची.

उन्नतांश पक्का करून मग दिगंश फिरवायचा, उलट क्रम नको. याला कारण आहे. आकाशात वर वर जावं तशा दिशांच्या रेषा एकमेकींच्या जवळ येत जातात, पृथ्वीवरचे रेखांश ध्रुवाकडे जवळ येतात तशा. ५८.८ अंशांच्या उंचीवर दिगंशातला एक अंश आकाशात जेमतेम अर्ध्या अंशाएवढा असतो. उन्नतांशातला एक अंश मात्र पुरा एक अंश असतो. तेव्हा वर-खालीची चूक महागात पडते आणि डावी-उजवीची थोडी माफ होते. दोरीच्या रेषेपासून दोन्ही बाजूंना पाच-सहा अंश हळूहळू फिरवायचं. एक अंश म्हणजे साठ सेंटिमीटरच्या डिशच्या काठाशी पाच मिलिमीटर. तेवढं सरकवायचं आणि काही सेकंद थांबायचं, कारण सेट-टॉप बॉक्सला सिग्नल ओळखायला वेळ लागतो. भरभर फिरवली तर डिश उपग्रहावरून जाते आणि बॉक्सला पत्ताही लागत नाही.

बॉक्सच्या पडद्यावर दोन पट्ट्या असतात, स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी. पहिलीवर भुलू नये. एलएनबीला वीज मिळाली की भिंतीकडे तोंड असतानाही ती पट्टी बरीच भरलेली दिसू शकते. खरं सांगते ती दुसरी. निवडलेल्या ट्रान्सपॉन्डरचा सिग्नल बॉक्सला वाचता आला, तरच ती हलते.

स्ट्रेंग्थ वाढते आणि क्वालिटी शून्यच, असं झालं तर बहुधा शेजारचं घर सापडलं आहे. ९५ अंश पूर्वेला दुसऱ्या डीटीएच सेवेचा उपग्रह आहे. पुण्यातून त्याचा दिगंश १२९.४ आणि उन्नतांश ५७.५ येतो, म्हणजे आपल्या उपग्रहापासून आकाशात फक्त पावणेदोन अंश. डिश थोडी पूर्वेला आणि थोडी खाली गेली की तो समोर येतो. हे आकडे आधीच काढून ठेवले असतील तर परत कुठे जायचं ते कळतं : थोडं दक्षिणेकडे आणि सव्वा अंश वर.

क्वालिटी मिळाली की एलएनबी त्याच्या कड्यात थोडा डावा-उजवा फिरवून ती आणखी वाढते का ते पाहायचं आणि मग बोल्ट आळीपाळीने आवळायचे. एकच बोल्ट पुरता आवळला तर डिश तेवढ्यात अर्धा अंश सरकते.

वर्षातून दोनदा सूर्याची सही

आपला हिशेब बरोबर आहे की नाही, हे डिश न लावताही तपासता येतं. पुण्यातून पाहिलं तर जीसॅट-१५ खगोलीय विषुववृत्ताच्या सुमारे ३.२ अंश दक्षिणेला दिसतो. सूर्य वर्षातून दोनदा नेमका तेवढाच दक्षिणेला असतो : वसंत संपाताच्या आठेक दिवस आधी आणि शरद संपाताच्या आठेक दिवस नंतर. म्हणजे १२ मार्च आणि १ ऑक्टोबरच्या सुमारास. त्या दिवशी आकाशात चढताना तो उपग्रहाच्या बरोबर मागून जातो, पुण्यात मार्चमध्ये सकाळी सव्वाअकराच्या आत-बाहेर आणि ऑक्टोबरमध्ये अकराला सात-आठ मिनिटं कमी असताना. नागपुरात हाच योग मार्चमध्ये एक दिवस आधी, जवळपास त्याच वेळेला येतो.

त्या काही मिनिटांत उपग्रहाच्या सिग्नलमागे सूर्याचा रेडिओ गोंगाट उभा राहतो, क्वालिटी खाली येते आणि कधी चित्रही तुटतं. त्याच्या आगेमागे दोन-तीन दिवस त्याच वेळेला असं होऊ शकतं. अशा वेळी डिशला हात लावू नये. काही मिनिटांत सगळं जागेवर येतं.

पण हीच वेळ पडताळणीला उत्तम. सव्वाअकराला बाल्कनीत ज्या जागी ऊन पडतं, तिथून उपग्रह दिसतो. जिथे टाकीची, झाडाची किंवा वरच्या सज्जाची सावली आहे, तिथे डिश लावून उपयोग नाही. आणि डिश लावलेली असेल तर सूर्याकडे न पाहता फक्त एलएनबीच्या सावलीकडे पाहायचं. ती डावी-उजवी न कलता डिशच्या मधल्या रेषेवर, खालच्या काठापाशी पडली, तर गच्चीवर आखलेलं शंभर आणि एकशे बाराचं माप बरोबर उतरलं आहे.